टाकीतले १५० लिटर गेले कुठे?

[दृश्य: भूमिगत टाकीतून वर येणारा डिपरॉड, त्यावरची ओली खूण]

टाकीत आधी ५,००० लिटर पेट्रोल होतं. टँकरने त्यात १२,००० लिटर ओतलं. लगेच डिप घेतली, म्हणजे डिपरॉड बुडवून पातळीवरून लिटर मोजले, तर बरोबर १७,००० लिटर भरतात आणि पावतीवर सही होते. समजा, यानंतर या टाकीतून एक थेंबही विकला नाही. काही दिवसांनी पुन्हा डिप घेतली, तर १६,८५० लिटर. दीडशे लिटर कमी! पहिला संशय गळतीचा, दुसरा टँकरवाल्याचा. पण इथे गळतीही नाही आणि चोरीही नाही.

टँकरमधलं पेट्रोल ३५ अंश सेल्सिअसला होतं, टाकीतलं २५ अंशांना. पेट्रोल एक अंश थंड झालं की हजार लिटरमागे साधारण सव्वा लिटर आकसतं. मग ही घट पहिल्या डिपमध्ये का दिसली नाही? कारण दोन्ही पेट्रोल मिसळताना गरम पेट्रोल जेवढं आकसलं, जवळपास तेवढंच टाकीतलं थंड पेट्रोल फुगलं. मिश्रण ३२ अंशांच्या आसपास आलं आणि लिटर तेवढेच राहिले. पुढे टाकीभोवतीची माती ही उष्णता हळूहळू ओढून घेते. त्याला दिवस लागतात, आणि खरी घट तेव्हा दिसते. टँकर तोवर केव्हाच निघून गेलेला असतो.

म्हणून हिशेब एकाच ठरलेल्या तापमानाच्या लिटरमध्ये करायचा. ते तापमान बहुतेक ठिकाणी १५ अंश असतं, काही देशांत २० अंश. आपला कागद कोणतं तापमान धरतो, हे आधी पाहून घ्यावं.

[दृश्य: कप्प्याच्या झाकणातून खाली सोडलेला थर्मामीटर, शेजारी काचेचा जार आणि हायड्रोमीटर]

टँकर सपाट जागी उभा करून पेट्रोल स्थिरावू द्यायचं. थर्मामीटर प्रत्येक कप्प्यात, पेट्रोलच्या मध्यापर्यंत सोडायचा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचायचा. मग नमुना जारमध्ये घेऊन हायड्रोमीटरने घनता पाहायची आणि त्याच क्षणी जारमधलंही तापमान टिपायचं. इथे दोन तापमानं हाती येतात, आणि सगळ्यात जास्त घोळ त्यांच्यातच होतो. जारमधलं पेट्रोल उडत असतं, त्यामुळे ते कप्प्यापेक्षा थंड होतं. जारचं तापमान फक्त घनतेसाठी वापरायचं, लिटरसाठी कप्प्याचंच.

आपल्या उदाहरणात जार ३३ अंशांवर आहे आणि हायड्रोमीटर सुमारे ७२४ दाखवतो. मोजलेली घनता १५ अंशांवर आणणाऱ्या ५३-बी तक्त्यात पाहिलं की १५ अंशांची घनता मिळते, दर घनमीटरला ७४० किलो. आता ५४-बी तक्ता, तो लिटर १५ अंशांवर आणणारा गुणक देतो. घनता ७४०, कप्पा ३५ अंश, तर गुणक ०.९७५३. बारा हजाराला त्याने गुणलं की ११,७०४ लिटर. टाकीतल्या जुन्या ५,००० लिटरचा २५ अंशांचा गुणक ०.९८७७, म्हणजे ४,९३८ लिटर. एकूण १६,६४२.

तापमान एक अंश चुकलं तर १२,००० लिटरमागे जवळपास १५ लिटरचा फरक पडतो. घनता तब्बल १० किलोने चुकली, तरी फरक सहा लिटरच्या आसपास राहतो. म्हणून घाई करायचीच असेल तर ती थर्मामीटरशी मुळीच करू नये.

दुसरी चूक कागदावरची. टँकर भरताना लिटर मोजणारे काही मीटर तापमानाची दुरुस्ती स्वतःच करून १५ अंशांचे लिटर छापतात. त्यांना पुन्हा गुणकाने गुणलं तर तीनशेच्या आसपास लिटर कागदावरच नाहीसे होतात. पावतीवरचे लिटर दुरुस्त केलेले आहेत की जसेच्या तसे, हे गुणक लावण्याआधी वाचायचं.

[दृश्य: टाकीत तीन उंचींवर घेतलेली तापमानाची नोंद]

आता त्या दीडशे लिटरकडे परत येऊ. पहिल्या डिपच्या वेळी १७,००० लिटर, ३२ अंश, गुणक ०.९७९०. नंतर १६,८५० लिटर, २५ अंश, गुणक ०.९८७७. दोन्ही गुणाकार १६,६४३ च्या जवळ येतात, म्हणजे पेट्रोल टाकीतच आहे. टाकीचं तापमान मात्र वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी घेऊन सरासरी काढावी. नुकत्याच भरलेल्या टाकीत थर सारखे नसतात.

विक्री चालू असेल, तर नोझलमधून गेलेल्या लिटरनाही त्यांच्या तापमानाचा गुणक लावावा लागतो. एवढं करूनही १५ अंशांचे लिटर दर मोजणीला एकाच दिशेने घटत राहिले, तर मात्र टाकी आणि पाइपांची गळती तपासायला घ्यायची.