गुडघा सोडा, खुबा पाहा

(तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांच्या मासिक बैठकीतलं व्याख्यान, संपादित)

विषय आहे ‘लंगडणाऱ्या मुलाची तपासणी’. वेळ मिळाली अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं माझा परिचय वाचण्यात गेली. तो परिचय मीच लिहून दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती नी-कॅपची. लहान मुलाच्या पायावर नी-कॅप दिसली की माझं डोकं फिरतं. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या टेबलाच्या खणात आत्ता एकेक असेल.

एक मुलगा सांगतो. वय 12, वजन 68 किलो. दोन महिने उजवा गुडघा दुखतोय, थोडा लंगडतोय. पडला नाही, ताप नाही, गुडघ्याला सूज नाही. आधी तेलमालीश झालं, मग ‘वाढीचं दुखणं’ म्हणून कॅल्शियम, मग गुडघ्याचा एक्स-रे, मग नी-कॅप, आणि शेवटी गुडघ्याचा एमआरआय. सगळे रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्टना नावं ठेवू नका, ते बरोबरच होते. गुडघा ठणठणीत होता. मग शाळेत ठरलं, की हा पीटी चुकवायला नाटक करतो. वजनदार पोराला हे ऐकवणं सगळ्यांत सोपं.

फाइल जाडजूड होती, पण त्यातली एकही नोंद मांडीच्या वर गेली नव्हती. सोबत आलेल्या आजी मात्र म्हणाल्या, “डॉक्टर, ह्याचं पाऊल बाहेर पडतंय. आधी नव्हतं असं. आणि उकिडवा बसला की उजवा गुडघा बाजूला पळतो.” एमआरआयने जे सांगितलं नाही ते आजींनी सांगितलं. बरं, आजींची फी कोणी दिली नाही.

त्याला पलंगावर उताणं झोपवलं आणि उजवी मांडी हळूच पोटाकडे दुमडली. मांडी सरळ वर येईना. गुडघा आपोआप बाहेरच्या बाजूला वळला. इथेच निदान जवळजवळ झालं. खुब्याच्या एक्स-रेत दिसलं, की मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान ह्यांच्यातली ग्रोथ प्लेट सुटली होती. बोळक्यावरचं झाकण तिरकं सरकावं तशी ती जागा दिसते. खरं तर डोकं खुब्याच्या वाटीतच राहतं. मान पुढे आणि वर सरकते, म्हणून पाय बाहेर वळतो.

मग दुखणं गुडघ्यात का? कमरेच्या दुसऱ्या ते चौथ्या मणक्यांच्या मुळांतून येणाऱ्या ऑब्ट्युरेटर नर्व्हच्या फांद्या खुब्यालाही जातात आणि मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंतही. कळ खुब्यातून निघते, मेंदू तिचा पत्ता गुडघा असा लावतो. मूल खोटं बोलत नाही, त्याला खरोखर तिथेच दुखतं.

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळत पळत.

मुलाला पालथं झोपवा, दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा, आणि पावलं बाहेरच्या बाजूला पडू द्या. ह्यात खुबा आत वळतो. एक बाजू कमी पडली किंवा दुखली, तर खुब्याचा एक्स-रे. दोन्ही खुब्यांचा, समोरून आणि फ्रॉग-लेग. नुसत्या समोरच्या फोटोत सुरुवातीची घसरण सहज निसटते. चार ते आठ वर्षांच्या मुलात हेच सापडलं तर पर्थेसचा विचार करा. तिथे हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. ताप असेल आणि मूल पाय हलवू देत नसेल तर सांध्यात पू समजा आणि त्याच दिवशी पाठवा. तिथे उद्या नाही.

मूल कुबड्या घेऊनही पायावर भार देऊ शकत नसेल, तर वरची कुठलीच चाचणी करू नका, फ्रॉग-लेगसाठी पायही पसरू नका. अशा घसरणीत डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा असतो. आणि जे चालतंय, त्यालाही घसरण दिसल्यावर चालत पाठवू नका. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर. रिक्षातून उतरताना पाय घसरला, तर चालतं पोर न चालणारं होतं.

ह्या मुलाला मानेतून डोक्यात एक स्क्रू घातला. स्क्रू पुढची घसरण थांबवतो. झालेली घसरण मागे नेत नाही, हे पालकांना आधीच सांगा. दोन महिन्यांपूर्वी तो आला असता तर घसरण कमी असती, एवढाच त्या नी-कॅपचा हिशेब. दुसरा खुबाही घसरू शकतो, म्हणून वाढ संपेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. वय दहाच्या आत असेल किंवा मूल वयाच्या मानाने बुटकं असेल, तर थायरॉइड तपासा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाबरोबर घेऊ.