‘की’च्या पलीकडला ‘मी’

आजचा विषय ‘की’ आणि ‘म्हणून’. पण आधी चादरींची गोष्ट सांगतो. सोलापुरात चादरीशिवाय व्याख्यान सुरू होत नाही.

मेव्हण्याच्या घरचं लग्न होतं. आहेरासाठी बारा चादरी यायच्या होत्या. भाच्याचा फोन आला, “काका, मामा म्हणाले की मी चादरी घेऊन स्टँडवर येणार.” मी म्हटलं, बरं. मेव्हणा येतोय तर रिक्षा करील, आपण कशाला जा? घरी चहा पीत बसलो. तिकडे पोरगं गठ्ठ्यावर बसून दोन तास माझ्या स्कूटरची वाट बघतंय! (हशा) हसू नका, बायको अजून ऐकवते.

चूक कोणाची? माझ्या मते ‘मी’ची. ‘की’नंतरचा ‘मी’ मामाचा असू शकतो, निरोप सांगणाऱ्याचाही. मामा म्हणाले होते, “तो घेऊन येणार.” पोरानं ‘तो’चा ‘मी’ केला, तो व्याकरणात बसतोच. मी मात्र मामाचं बोलणं जसंच्या तसं ऐकतोय असं धरून चाललो.

आता भाच्याऐवजी भाची असती तर? “मामा म्हणाले की मी येतो” म्हटल्यावर ‘येतो’वरून मामा कळले असते, ‘येते’ म्हटलं की भाची. पण ‘येणार’ला लिंगच नाही, तिथं क्रियापदही हात वर करतं.

इंग्रजीत ‘दॅट’ आला की बोलणाऱ्याचा ‘आय’ निरोप्याच्या तोंडी ‘ही’ होतो, बहुधा ‘विल’चा ‘वुड’ही. अवतरणात मूळ शब्द तसेच, मग ‘दॅट’ नको. आपण मात्र ‘की’ लावून पुढं खुशाल अवतरण देतो: तो म्हणाला की, “मी येतो.” प्रश्नसुद्धा चालतो: तिनं विचारलं की तू कधी येणार? तिथं ‘दॅट’ लावून बघा.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो. मुख्य मुद्दा राहिलाच, पळत सांगतो.

‘की’ फारसीतून आला असं बरेच जाणकार मानतात. तो क्रियापदानंतर येतो आणि सांगितलेलं वाक्य त्याच्या मागून. इंग्रजीत ‘दॅट’नं वाक्य सुरू करता येतं, आपल्याला “तो येणार हे नक्की” असंच म्हणावं लागतं, आरंभी ‘की’ बसत नाही. पण आपली दुसरी रीत उलटी आहे: “येतो म्हणून सांगितलं.” आधी बोल, मग खूण, शेवटी क्रियापद. आता शेजारी कान द्या. कन्नडमध्ये “बर्तीनि अंत हेळिद”, तेलुगूत “वस्तानु अनि चेप्पाडु”. ‘अंत’ आणि ‘अनि’ दोन्ही त्या त्या भाषेतल्या ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूतूनच आलेत, आपल्या ‘म्हणून’सारखे. साच्यात शब्द बदलले, जागा त्याच. म्हणून सोलापुरात एकाच दुकानात तीन भाषांत निरोप फिरतो तेव्हा ‘म्हणून’वालं वाक्य सहज इकडून तिकडे जातं आणि ‘की’वालं उलटं फिरवावं लागतं.

एक सांगून ठेवतो, ‘म्हणून’नंही ‘मी’चा घोळ मिटत नाही. “मी येणार म्हणून मामा म्हणाले” यातही कोण येणार ते विचारावंच लागतं. मी आता विचारतो, “मी म्हणजे कोण रे?” बारा चादरींची शिकवणी आहे ती.