नाव लांब ठेवायचं की छोटं? कोडीचं उदाहरण

प्रॉडक्टचं नाव काय ठेवायचं म्हटलं की बहुतेक टीम लगेच काम सांगणाऱ्या नावाकडे वळतात, आणि सुरुवातीला त्याचा फायदा असतोच, माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी आज एकच केस घेतो, कोडी, म्हणजे गाणी-सिनेमे चालवणारं मोफत सॉफ्टवेअर.

हा प्लेयर २००२ मध्ये 'एक्सबॉक्स मीडिया प्लेयर' म्हणून सुरू झाला, मग झाला 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर'. नाव अगदी प्रामाणिक, एक्सबॉक्सवर गाणी-सिनेमे चालवणारं सेंटर. पण पुढे तो लिनक्स, विंडोज, मॅकवर गेला, म्हणजे नावातला पहिलाच शब्द खोटा ठरला. मग त्यांनी नुसती चार अक्षरं ठेवली, XBMC, आणि नंतर तर जुन्या एक्सबॉक्सचा सपोर्टच बंद झाला. आता हे बोलून बघा, शब्द म्हणून तोंडात बसतच नाही. त्यात मूळ शब्द मायक्रोसॉफ्टचा, त्यामुळे आपल्याच नावावर टीमचा कायदेशीर हक्क धड सांगता येईना, कुणी त्या नावाने भलतंच काही विकलं तर अडवायचं कसं?

ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी 'कोडी' नाव जाहीर केलं, डिसेंबरमध्ये १४ नंबरचं व्हर्जन त्याच नावाने आलं. लिनक्सवर `.xbmc` फोल्डरचं `.kodi` झालं. पण अ‍ॅड-ऑन लिहिणारे आजही हेच टाइप करतात:

```python
import xbmcgui
```

कारण मॉड्यूलचं नाव बदललं असतं तर लोकांनी लिहिलेले ढीगभर अ‍ॅड-ऑन एका दिवसात बंद पडले असते. म्हणून मी म्हणतो, पॅकेज आणि एपीआयमध्ये ब्रँडचं नाव घालताना चारदा विचार करा, दुकानाची पाटी बदलते, हे बदलत नाही.

नवा घडवलेला शब्द घेतला की सुटलो असंही नाही हं. नाव जाहीर झालं त्याच सुमारास अमेरिकेबाहेर काही देशांत भलत्याच लोकांनी 'कोडी' ट्रेडमार्कसाठी अर्ज टाकले, आणि त्या नावावर धंदा करणाऱ्यांकडे पैसे मागायला लागले. २०१७ मध्ये टीमने हे उघडपणे लिहिलं. ट्रेडमार्क देशागणिक असतो, एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, आणि छोटा, छान शब्द तर कुणालाही हवाच असतो.

यावर उपाय म्हणजे क्रम पाळायचा. आधी नाव गुपचूप शोधून बघा, सॉफ्टवेअरसाठी मुख्यतः ट्रेडमार्क नोंदणीतले ९ आणि ४२ हे वर्ग. मग एका देशात अर्ज करा, आणि जाहीर त्यानंतरच. ट्रेडमार्क-पेटंटबद्दलच्या पॅरिस करारामुळे पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज केला तर तीच पहिली तारीख धरली जाते, मधे कुणी अर्ज टाकला तरी तुम्ही त्याच्या पुढे. भारतही या करारात आहे. सगळे देश एकदम परवडत नाहीत, म्हणून जिथे विक्री आहे आणि जिथे तुमच्या नावाने माल बनेल ते देश आधी घ्या.