सेमिनारला उभं राहताना

श्रोतेहो, नमस्कार. काटोल-नरखेडकडून नागपुरात शेतीचं शिक्षण घ्यायला आलेल्या एका मुलाशी आज बोलायचंय. बाकीच्यांनीही ऐकावं. वर्गातली पोरं हिंदीतून इंग्रजीत सहज जातात आणि हा मागच्या बाकावर गप्प. आता त्याचं सेमिनार आलंय. विषय, संत्र्याचा आंबिया बहार.

बाबा रे, पूर्ण भाषण इंग्रजीत पाठ करू नको. मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच अडतं, मी वर्गात हे फार पाहिलंय. पाठ करायची ती दोनच वाक्यं. "आय ॲम फ्रॉम अ व्हिलेज निअर काटोल. आवर फॅमिली ग्रोज ऑरेंजेस." मग थांब, श्वास घे आणि म्हण, "सर, पुढचं मराठीत सांगतो, आकृतीवरची नावं इंग्रजीत लिहिली आहेत." ही परवानगी आदल्या दिवशीच सरांना भेटून घे. त्यांनी इंग्रजीचाच आग्रह धरला, तर वाक्यं चार-पाच शब्दांची ठेव.

पुढे जे सांगायचं ते तुझ्या बागेतलंच. "बाबा डिसेंबरात पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पानं मलूल होऊन गळू लागली की ताण बसला असं समजतात. मग मशागत, खत, आधी हलकं पाणी, आणि बहार फुटतो. मधेच अवकाळी पाऊस आला तर ताण तुटतो. झाड पालवीवर जातं, फूल कमी धरतं." तुझ्या घरात या पावसाची धास्ती असते, तेव्हा हा भाग घाईत उरकू नको.

कुणी भरभर इंग्रजीत प्रश्न विचारला, तर "वन्स मोअर, स्लोली प्लीज." उत्तर येत नसेल, तर "बाबांना विचारून सोमवारी सांगतो." आणि सोमवारी खरंच सांग.

बोलण्यावर कुणी हसलं, तर शांतपणे, "हाव, आमच्याकडं असंच बोलतेत. समजलं नसंल तर परत सांगतो." एकदाच म्हणायचं आणि पुढच्या आकृतीकडे वळायचं. आवाज चढवलास तर विषय संत्र्याचा राहत नाही, भांडणाचा होतो.

थट्टा एकदा झाली तर सोडून दे. पण कुणी रोज गाव, भाषा, घरची परिस्थिती काढून छळत असेल, तर ते रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत 2016 च्या दुरुस्तीनं या गोष्टी नावानिशी आल्या आहेत. कॉलेजच्या समितीकडे अर्ज दे. तारीख, वेळ, तिथं कोण होतं, सगळं लिही. आणि जे शब्द वापरले गेले ते जसेच्या तसे लिही, सभ्य करून नको.