फोन वाजतो, पण उचलला जात नाही

(नागपुरात ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. परदेशातली मुलं एकच प्रश्न विचारतात: आईसाठी व्हिडिओ कॉलचं सगळ्यात सोपं ॲप कोणतं? माझं उत्तर निरस आहे. जे तिच्या फोनमध्ये आधीपासून आहे ते, म्हणजे बहुतेक घरांत व्हॉट्सॲप. नवीन ॲप म्हटलं की नवं खातं, नवा पासवर्ड, आणि पलीकडच्या चौघांनाही तेच घ्यायला लावा. शिवाय ॲप टिकतीलच असं नाही. गूगल ड्युओ 2022 मध्ये मीटमध्ये मिसळलं, स्काइप मे 2025 मध्ये बंद झालं. ज्यांनी आजोबांना मोठ्या कष्टानं स्काइप शिकवलं होतं, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

खरी अडचण कॉल उचलण्यात आहे. एक उदाहरण घेऊ. धरमपेठेत एक आजी आहेत, मुलगा डॅलसला. फोन अँड्रॉइड. मुलगा कॉल करतो, फोन वाजतो, आजी हिरव्या गोलावर बोट टेकवतात आणि काहीच होत नाही. पुन्हा टेकवतात, तोवर रिंग संपते. घरचे म्हणतात, आईला जमत नाही. पण स्क्रीन लॉक असताना व्हॉट्सॲपचा तो गोल दाबायचा नसतोच. त्यावर बोट ठेवून वर ओढायचं असतं. आणि फोन उघडा असला, तर कॉल वरच्या पट्टीत येतो आणि तिथे बटण नुसतं दाबायचं असतं. एकाच कामाच्या दोन रीती, आणि कोणती कधी हे आजींना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून एकच रीत पक्की करा. फोन स्टँडवर, चार्जरजवळ, नेहमी लॉक. कॉल आला की गोलावर बोट, आणि तसंच वर सरकवा. सराव घरातच होतो: दुसऱ्या खोलीतून कुणीतरी चार-पाच दिवस रोज एक व्हिडिओ कॉल करायचा. बोटं फार कोरडी असली तर स्क्रीनला स्पर्श कळत नाही. बोट किंचित ओलसर करून बघा. जाड काच लावलेली असेल तर तीही काढून बघा.

आजींनी स्वतः कॉल लावायचा असेल तर मुलाच्या चॅटमध्ये वरचे तीन ठिपके, मग More, मग Add shortcut. मुलाच्या फोटोचं चिन्ह पहिल्या पानावर येतं. ते दाबलं की थेट त्याचं चॅट उघडतं, वर कॅमेऱ्याचं चिन्ह असतं. या शॉर्टकटनं कॉल आपोआप लागत नाही, एक-दोन स्पर्श आणखी लागतातच. तेवढं शिकवावं लागेल. पहिल्या पानावरून बाकीची चिन्हं काढून टाका आणि फोनमध्ये होम स्क्रीनची मांडणी लॉक करायची सोय असेल तर ती चालू करा. नाहीतर बोट जरा जास्त वेळ दाबलं जातं, चिन्ह सरकतं, आणि आजी म्हणतात, "अरे, तुझा फोटो कुठे गेला?"

आता दुसरी तक्रार: "मी कॉल केला, आईचा फोन वाजलाच नाही." इथे फोन करणाऱ्यानं आपल्याच स्क्रीनवर काय लिहून येतं ते वाचायचं. Calling असंच राहिलं तर कॉल आईच्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही. Ringing आलं तर पोचला आहे, पण आईला ऐकू आला नाही. या एका शब्दावरून अर्धा शोध संपतो.

Calling वरच अडलं तर आधी आईकडचं नेट बघा. वायफाय नसेल तर दिवसाचा डेटा संपला असेल. त्यानंतर वेग इतका उतरतो की चित्र चालत नाही. नेट ठीक असेल तर संशय बॅटरी वाचवण्याच्या सोयीवर घ्या. काही फोन न वापरलेलं ॲप मागच्या मागे झोपवून टाकतात. कॉल तेव्हाच कळतो जेव्हा आई फोन हातात घेते. खूण अशी, की फोन उघडताच मिस्ड कॉलची रांग लागते. उपाय: फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपच्या बॅटरी वापराला Unrestricted करा.

Ringing येऊनही आवाज नसेल तर आवाजाची कडेची बटणं आणि Do Not Disturb तपासा. तिसरं कारण चटकन सुचत नाही. डिजिटल अरेस्टवाल्या ठगांच्या भीतीनं बऱ्याच घरांत व्हॉट्सॲपच्या Privacy मध्ये Calls खाली Silence unknown callers चालू केलेलं असतं. ते चालू ठेवाच. पण मुलानं अमेरिकेतला नंबर बदलला आणि नव्या नंबरवरून कॉल केला, तर तोही अनोळखीच ठरतो: फोन वाजत नाही, कॉल नुसता यादीत पडून राहतो. नवा नंबर +1 सकट आईच्या फोनमध्ये आधी सेव्ह व्हायला हवा, कॉल नंतर.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात कूलर सुरू असताना व्हिडिओ कॉल करून बघा. पंख्याची घरघर माइक उचलतो, ॲप तो गोंगाट दाबायला जातं आणि आईचा मऊ आवाजही त्यासोबत कापला जातो. मुलगा म्हणतो, "आई, आवाज तुटतोय," आणि सगळे नेटला शिव्या घालतात. कूलरचा पंखा कॉलपुरता बंद करा, पाण्याचा पंप चालू राहिला तरी चालतो. किंवा माइक असलेला वायरचा इअरफोन लावा. उन्हाळ्यात चार्जिंग लावून तासभर व्हिडिओ चालवला तर फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते, कॉल अडखळू लागतो. कॉलआधी चार्ज करा, कॉल सुरू असताना पिन काढा. आणि आईची पाठ खिडकीकडे नको, तोंड खिडकीकडे हवं. नाहीतर पलीकडे नुसती काळी सावली दिसते.

ज्यांना फोनचा पडदा लहान पडतो त्यांच्यासाठी दहा इंची टॅब बरा. व्हॉट्सॲप त्यावर जोडलेलं उपकरण म्हणून चालतं, नवं सिम लागत नाही. अट एक: मूळ फोन 14 दिवस वापरला गेला नाही तर टॅबवरून आपोआप लॉगआउट होतं. आजोबांचा फोन कपाटात ठेवून फक्त टॅब वापरणाऱ्या घरांत नेमकं हेच होतं, आणि पुन्हा जोडताना QR कोड समोर धरायला कुणी नसतं. आठवड्यातून एकदा फोन चार्ज करून त्यावर व्हॉट्सॲप उघडा.

शेवटी दुबईवाल्यांसाठी. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण कॉल अडवलेले असतात. तिथे मुलगा असेल तर आईच्या फोनचा, वायफायचा काही दोष शोधू नका. तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरतात, आणि ते दोन्हीकडे लागतं. आईच्या नंबरवर येणारा ओटीपी, कॅमेरा-माइकची परवानगी, आणि वर सांगितलेली बॅटरीची सेटिंग, हे सगळं मुलगा सुट्टीत घरी असतानाच उरकून घ्या, आणि त्यानं शेजारच्या खोलीतून एक कॉल करून बघावा.