स्वस्त तिकीट, लवचिक तिकीट

नमस्कार श्रोतेहो. मी पुण्यात गेली बरीच वर्षं विमानाची तिकिटं काढून देतो. काउंटरवर रोज एकदा तरी कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "विमान एकच, खुर्ची तीच, मग हे दोन दर कसले?" आज त्याबद्दलच बोलू.

देशातल्या विमानांपुरतं पाहू. साइट उघडली की एकाच विमानापुढे दोन-तीन चौकटी दिसतात. कुठे सेव्हर आणि फ्लेक्सी, कुठे व्हॅल्यू, क्लासिक आणि फ्लेक्स. नावं कंपनीगणिक वेगळी असली तरी गाभा एकच. स्वस्त तिकिटात प्रवास मिळतो, बाकीचं ज्याचं त्याने विकत घ्यायचं. महागात काही गोष्टी आधीच घातलेल्या असतात.

समजा, पुण्याहून दिल्लीला जायचंय. हे आकडे हिशेबापुरते धरा. सेव्हर 5,200 रुपये, फ्लेक्सी 6,100. फरक 900. फ्लेक्सीत साधी सीट आणि खाणं धरलेलं आहे, शिवाय तारीख बदलायची मुभा. सीट आणि खाणं सेव्हरवर वेगळं घेतलं, तर खिडकीचे 300 आणि सँडविच-ज्यूसचे 400, म्हणजे 700 झाले. थोडक्यात, हे दोन्ही तुम्ही घेणारच असाल, तर तारीख बदलायची मुभा तुम्हाला 200 रुपयांत पडली. आणि तुम्ही डबा घरून नेणारे, कुठेही बसणारे असाल, तर तीच मुभा 900 ला पडते. माझ्या मते निवड इथेच करायची.

आता ती मुभा म्हणजे नक्की काय, ते नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. तारीख बदलताना दोन रकमा लागतात. एक बदलाचं शुल्क आणि दुसरी भाड्यातला फरक. फ्लेक्सी माफ करतं ते शुल्क. फरक माफ होत नाही.

आपल्या दिल्लीच्या प्रवाशाचं लग्नघरचं काम लांबलं आणि त्याला दोन दिवसांनी जायचंय. त्या दिवशी दोन्ही दर 2,400 नी चढलेत. सेव्हरवाल्याला 3,000 शुल्क आणि 2,400 फरक, म्हणजे 5,400 भरावे लागतील. फ्लेक्सीवाल्याला शुल्क नाही, पण 2,400 भरावेच लागतील. "फुकट बदल म्हणालात ना?" असं म्हणत लोक मग माझ्याकडे येतात. शिवाय हा फुकट बदलही ठरावीक वेळेपर्यंतच असतो. ती मुदत तिकिटाच्या नियमांत लिहिलेली असते, ती पैसे भरण्याआधी वाचायची.

तिकीट रद्द करणं हा वेगळा विषय. फ्लेक्सीतही बहुधा काही रक्कम कापतात. उलट सेव्हर तिकिटावर "परतावा नाही" असं असलं, तरी विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर परत द्यायचे, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे. पुष्कळ लोक ते मागतच नाहीत.

सीटचं म्हणाल, तर सेव्हरवाल्यालाही सीट मिळतेच, फक्त पैसे न भरता निवडता येत नाही. वेब चेक-इन करताना पडद्यावर सगळ्या सीटांना किंमत दिसते आणि माणूस घाबरून पैसे भरतो. पुढे जायचं, "स्किप" करायचं. सीट आपोआप मिळते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी एकाजवळ बसवायचं, असं डीजीसीएने 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. फ्लेक्सीतली सीटही साधीच असते. पाय पसरायला मोकळी जागा असलेल्या रांगेचे बहुधा वेगळे पैसे.

सामानात मात्र लोक हमखास चुकतात. फ्लेक्सी घेतलं म्हणजे जास्त किलो मिळतील, असं त्यांना वाटतं. बऱ्याच ठिकाणी दोन्हींत चेक-इनला 15 किलो आणि हातात 7 किलोच असतात. एअर इंडिया एक्स्प्रेसने 2024 मध्ये लाइट नावाचा दर आणला, त्यात चेक-इनची बॅगच नाही. एका बॅगेवर जाणाऱ्याला तो छान, पण आजीसाठी असं तिकीट काढलंत तर पंचाईत.

किलोबरोबर नगही मोजतात, हे विसरू नका. गेल्या मे महिन्यात एक काका मुलीकडे निघाले होते. बॅग 10 किलोची, सोबत 5 किलोची हापूसची पेटी. बेरीज बरोबर 15. पण त्या तिकिटावर एकच नग होता, म्हणून पेटीचे वेगळे पैसे मागितले. काकांनी तिथेच जमिनीवर बसून पेटी सोडली, गवतासकट आंबे बॅगेत घातले, वर शर्ट दाबले आणि चेन लावली. काट्यावर 14 किलो 800 ग्रॅम भरले. रिकामी पेटी आमच्या ड्रायव्हरने घरी नेली.