द्रौपदीचा प्रश्न अकरावी-बारावीच्या वर्गात कसा शिकवायचा?

नमस्कार. गेल्या महिन्यात महाभारतातल्या नैतिक पेचांवरचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच मागणी येते आहे. "सर, द्यूतसभेचा प्रसंग वर्गात केस स्टडी म्हणून घ्यायचाय, पण दहा मिनिटांत चर्चा संपते. काय करायचं?" बरेच जण अकरावी-बारावीला शिकवणारे आहेत, म्हणून आज फक्त हाच प्रसंग घेतो.

कथा तुम्हाला माहीत आहे, पटकन सांगतो. युधिष्ठिर धन हरतो, राज्य हरतो, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतःला. मग शकुनी म्हणतो, अजून एक पण शिल्लक आहे, द्रौपदी. तिला लाव आणि स्वतःला परत जिंक. युधिष्ठिर लावतो आणि हरतो. द्रौपदीला आणायला प्रातिकामी नावाचा सेवक जातो. झालं, इथवर.

आता चर्चा दहा मिनिटांत का संपते ते सांगतो, कारण माझ्याही वर्गात तेच झालं होतं. मी पहिल्या वर्षी विचारलं, "सभेत जे झालं ते योग्य की अयोग्य?" सगळे हात अयोग्यच्या बाजूने वर. मग कोण काय बोलणार? वस्त्राला हात घालणं चूक आहे यात पेचच नाही. पेच त्याआधी आहे, तो द्रौपदीने स्वतः मांडलाय, आणि आपण त्यावरून घाईने पुढे जातो.

ती प्रातिकामीला म्हणते, जा, सभेत त्या जुगाऱ्याला विचार: आधी स्वतःला हरलास की मला? एवढंच. ती रडत नाही, शाप देत नाही, प्रश्न विचारते. युधिष्ठिर उत्तर देत नाही. दुर्योधन म्हणतो, तिनेच इथे येऊन विचारावं. प्रातिकामी घाबरतो, 'कृष्णेला, म्हणजे द्रौपदीला, काय सांगू' असं उलट सभेलाच विचारतो. मग दुःशासन जातो.

आता नीट ऐका, कारण वर्गात सगळं इथेच अडतं. या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला: जो आधीच दास झाला, तो दुसऱ्या कुणाला पणाला लावू शकतो का? दुसरा: पत्नीला पणाला लावता येतं का? मुलं हे दोन्ही एकत्र कालवतात आणि मग निकाल देऊन मोकळी होतात. फळ्याच्या दोन बाजूंना दोन प्रश्न लिहा आणि येणारं प्रत्येक उत्तर कोणत्या बाजूचं आहे हे मुलांनाच ठरवू द्या.

दुसऱ्या बाजूने सांगतो. मुलांना विचारा, समजा युधिष्ठिराने क्रम उलटा केला असता, आधी द्रौपदी आणि मग स्वतः, तर? मी हे विचारलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, तिचा प्रश्न मान्य केला तर तो मोकळा असताना तिला लावू शकत होता, हेही मान्य करावं लागतं?" हाच तो पेच. त्या दिवशी तास संपल्यावरही मुलं जागची उठली नाहीत.

तिसरी बाजू भीष्मांची. इथे मला जरा बोलायचंय, कारण दर व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, "भीष्म गप्प का बसले?" नाही हो, भीष्म बोलले! ते म्हणतात, ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही. पण स्त्री पतीच्या अधीन मानली जाते हेही आहे. म्हणून धर्म सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचं नीट उत्तर मला देता येत नाही. बघा, फळ्यावरचे आपले दोन्ही प्रश्न त्यांच्या एका वाक्यात आहेत. दोन्ही दिसत असूनही निकाल देत नाहीत, हा त्यांचा दोष. भीष्मांवर टीका जरूर करा, पण न बोलल्याबद्दल नको, बोलून अर्ध्यावर थांबल्याबद्दल करा.

आणखी एक तक्रार. "आंधळ्याचा मुलगा आंधळा असं द्रौपदी म्हणाली, म्हणून हे घडलं." पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती उघडून सभापर्व बघा, असं वाक्य तिच्या तोंडी नाही. दुर्योधन पाण्यात पडल्यावर हसणं आहे, आणि ती स्त्रियांसह हसली हे दुर्योधन नंतर वडिलांना सांगतो. हे वाक्य वर्गात आलं की मुलं लगेच "तिनेही चूक केली" असा हिशोब सुरू करतात आणि तिचा प्रश्न बाजूला पडतो. म्हणून मला ते इतकं खटकतं.

आता विकर्ण आणि कर्ण. विकर्ण कौरवच, पण द्रौपदी जिंकली गेलेली नाही असं तो उभा राहून म्हणतो आणि कारणं देतो: व्यसनात बुडालेल्या राजाचं कृत्य धरू नये, द्रौपदी पाचही भावांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधीच हरला होता, आणि तिचं नाव शकुनीने सुचवलं. कर्ण उत्तर देतो, त्याने सर्वस्व लावलं होतं, द्रौपदी सर्वस्वात आलीच. मुलांना विकर्णाची कारणं एकेक करून खोडायला लावा आणि विचारा, उरलेल्यांवर निकाल टिकतो का?

कर्णाचा मुद्दा पहिल्यांदा ऐकताना पक्का वाटतो. पण शकुनीचे शब्द परत वाचा. 'एक पण न हरलेला आहे' असं तो स्वतः म्हणाला होता. ती सर्वस्वात आधीच गेली असेल, तर हा पण शिल्लक कसा राहिला? आणि शिल्लक होता, तर ती सर्वस्वात नव्हती. हे तुम्ही सांगू नका. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा आणि थांबा, कुणाला तरी दिसतंच.

विदुरही एक मोजमाप देतो. निंद्य गोष्टीची सभेत निंदा होत नसेल, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला, पाव गप्प बसणाऱ्या सभासदांना. करणाऱ्यापेक्षा प्रमुखाचा वाटा दुप्पट! इथे मुलं खूप भांडतात, भांडू द्या.

शेवटी अर्जुन म्हणतो, आम्हाला लावताना तो आमचा स्वामी होता, पण स्वतःला हरल्यावर तो कुणाचा स्वामी? म्हणजे तोही पहिल्याच बाजूचं बोलतो. दुसरी बाजू तशीच राहते. मग अपशकुन होतात आणि धृतराष्ट्र घाबरून वर देतो. द्रौपदी पहिल्या वराने युधिष्ठिराची सुटका मागते, म्हणजे त्या दोघांच्या मुलाला, प्रतिविंध्याला, कुणी दासपुत्र म्हणू नये. लक्षात घ्या, ती 'दासपुत्र' म्हणते, 'दासीपुत्र' नाही. दुसऱ्याने उरलेल्या चौघांची, रथ आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती नाकारते. स्वतःची सुटका ती कुठेच मागत नाही.

का मागत नाही, हे मुलांना लिहून आणायला सांगा, एक पान. माझ्याकडे गेल्या वर्षी आलेल्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा एकच उत्तर होतं: मागितली असती, तर आपण दासी झालो होतो हे तिने कबूल केलं असतं.